पुढच्या शब्दावर बोट

आठवीत असताना ‘आय टूक द एक्झाम’ या वाक्याचं मराठी मी ‘मी परीक्षा घेतली’ असं केलं होतं. टेक म्हणजे घेणे, एवढं पाठ होतं. इंग्रजीच्या सरांनी वही परत देताना शांतपणे विचारलं, “तू घेतलीस? मग पेपर कोणी तपासले?” तेव्हा उलगडलं. आपल्याकडे परीक्षा शिक्षक घेतात आणि मुलं देतात. इंग्रजीत मात्र ‘टेक’ करतात ती मुलं. देणं-घेणं नेमकं उलटं.

त्या तासाला सरांनी फळ्यावर फक्त टेकची वाक्यं लिहिली. क्रियापदाला ते हातच लावत नसत, बोट ठेवत ते त्याच्या पुढच्या शब्दावर. पुढे औषध असेल तर घेणे, फोटो असेल तर काढणे, अंघोळ असेल तर करणे. ‘टेक धिस बुक’ म्हणजे हे पुस्तक घे. त्याच वाक्याला ‘टू युवर सिस्टर’ जोडलं की घेण्याचं नेणं होतं: हे पुस्तक बहिणीकडे घेऊन जा.

सगळ्यात अवघड गेलं ते ‘इट टूक मी टू अवर्स’. इथे घेणारं कोणी नाहीच. मराठीत दोन तास ‘लागतात’, आणि ते ‘मला’ लागतात. ‘गेट’ या क्रियापदाचंही तसंच. ‘आय गॉट अ लेटर’ मध्ये ‘आय’ कर्ता आहे, पण मराठीत पत्र येतं किंवा मिळतं, ते मला. ‘आय गॉट वेट’ मध्ये मात्र मी सरळ भिजतो, कारण पुढे वस्तू नाही, अवस्था आहे. आणि ‘आय गॉट हिम टू सिंग’ म्हटलं, तर आपण त्याला गायला लावलेलं असतं.

मेकवर सर फार थांबले नाहीत. मला मात्र आज त्याचीच जास्त काळजी वाटते, कारण सगळीकडे ‘बनवणे’ पसरलंय. चहा करतात, घर बांधतात, पैसे कमावतात. ‘मेक युवर बेड’ म्हणजे अंथरूण आवर. ‘बेड बनव’ म्हटलं तर सुताराला बोलवावं लागेल.

मी आता अनुवाद करतो आणि अजूनही आधी पुढचाच शब्द पाहतो. एकदा एका रुग्णाच्या मुलाखतीत वाक्य आलं, ‘आय कान्ट टेक इट.’ पुढे नुसतं ‘इट’. बोट ठेवायला काही नाही. अशा वेळी मागची वाक्यं वाचावी लागतात. गोळीबद्दल बोलणं चाललं असतं तर ‘मला ती घेता येत नाही’ झालं असतं. मागे तीन ओळी दुखण्याच्या होत्या. मी लिहिलं, ‘मला हे सहन होत नाही.’