किफहॉयझरच्या डोंगरात नेमकं कोण झोपलंय?

मी राहते त्या भागापासून थुरिंगियातली किफहॉयझरची डोंगररांग फार लांब नाही. सह्याद्री पाहिलेल्या माणसाला हे डोंगर टेकड्याच वाटतील, कारण सर्वात उंच माथाही पाचशे मीटरला पोचत नाही. पण सगळी जर्मनी या डोंगराला ओळखते ती एका गोष्टीमुळे. तांबड्या दाढीचा सम्राट फ्रीडरिश बार्बारोसा म्हणे याच्या पोटात दगडी मेजाशी बसून झोपला आहे. दाढीचे मेजाभोवती दोन वेढे झालेत, तिसरा पुरा झाला की तो उठेल. एकदा एका धनगराला एक बुटका आत घेऊन गेला. सम्राटाने विचारलं, "डोंगराभोवती कावळे अजून उडताहेत का?" धनगर हो म्हणाला. "मग मला अजून शंभर वर्षं झोपायला हवं."

खरा बार्बारोसा 10 जून 1190 रोजी धर्मयुद्धाच्या वाटेवर, आजच्या तुर्कस्तानातल्या एका नदीत बुडून मेला. त्याची हाडं कुठे आहेत हे नक्की कुणालाच ठाऊक नाही, जर्मनीत त्याचं थडगं नाही. एवढं वाचून वाटतं की गोष्ट इथूनच सुरू झाली असणार. पण ती मुळात त्याची नाहीच. ती त्याच्या नातवाची, दुसऱ्या फ्रीडरिशची आहे.

हा नातू 1250 मध्ये दक्षिण इटलीत वारला आणि पालेर्मोला पुरला गेला. पोपशी त्याचं उभं वैर होतं, पोपने त्याला बहिष्कृतही केलं होतं. त्याच्यामागे जर्मनीत 1273 पर्यंत सगळ्यांनी मानावा असा राजाच उरला नाही. लांबच्या मुलखात झालेलं मरण, आणि इथे बोकाळलेली सरदारांची लुटालूट. लोक म्हणू लागले की सम्राट मेलेला नाही, तो परत येईल, मातलेल्या धर्मगुरूंना वठणीवर आणेल, गरिबाला न्याय देईल.

आणि मग तो 'आला'. 1284 च्या सुमारास टीले कोलुप नावाच्या माणसाने मीच फ्रीडरिश म्हणून नॉइस गावात दरबार भरवला, मोहोर लावून फर्मानं काढली. खरा फ्रीडरिश 1194 चा, म्हणजे तेव्हा नव्वदीचा असता, तरी लोकांनी मानलं. 1285 मध्ये राजा रुडॉल्फने त्याला वेट्झलारला जिवंत जाळलं, तर राखेत हाडंच सापडली नाहीत अशी अफवा उठली.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. पानिपतावर भाऊसाहेब पडले यावर किती जणांचा विश्वास बसत नव्हता, आणि त्यातूनच उभा राहिलेल्या तोतयाला 1776 मध्ये पुण्यात देहदंड द्यावा लागला. डोळ्यांनी न पाहिलेलं मरण आणि विस्कटलेली घडी एकत्र आली की हे घडतं. फरक एवढाच की तोतयाबरोबर आपली गोष्ट संपली. जर्मन गोष्टीला डोंगर मिळाला. डोंगरातला राजा म्हातारा होत नाही, त्याला कुणी पकडू शकत नाही, आणि कावळे उडताहेत तोवर तो आला नाही म्हणून गोष्ट खोटीही ठरत नाही. माझ्या मते ती टिकली ती या कावळ्यांमुळे.

आतला माणूस मात्र बदलत गेला. सोळाव्या शतकात लोकांच्या तोंडी नातवाच्या जागी आजोबा आले. मग नेपोलियननंतरच्या काळात, 1817 मध्ये, कवी रुकर्टने त्यावर कविता केली आणि गरिबांचा कैवारी विखुरलेल्या जर्मनीला एक करणारा सम्राट झाला. 1871 मध्ये साम्राज्य उभं राहिलं. माजी सैनिकांच्या संघटनांनी डोंगरावर 81 मीटर उंच स्मारक बांधलं, 1896 मध्ये त्याचं उद्घाटन झालं. खाली नुकता जागा होणारा दगडी बार्बारोसा, वर घोड्यावर नव्या साम्राज्याचा सम्राट पहिला विल्हेल्म. प्रतीक्षा संपली, असं हे स्मारक ठासून सांगतं. मला ते बघताना अस्वस्थ वाटतं. झोपलेल्या राजाकडे न्याय मागता येतो. जागा झाला म्हणून जाहीर केलेल्या राजाच्या नावाने सत्ता काहीही करू शकते. सोव्हिएत संघावरच्या 1941 मधल्या हल्ल्याला हिटलरने बार्बारोसाचंच नाव दिलं.

इकडे आलात तर स्मारक बघून परत फिरू नका. याच डोंगराच्या दक्षिण पायथ्याला बाड फ्रांकेनहाउझन आहे. तिथे 15 मे 1525 रोजी धर्मोपदेशक थोमास म्युन्ट्झरच्या मागे जमलेल्या शेतकऱ्यांची सरदारांच्या फौजेने कत्तल केली, हजारो माणसं मेली. त्यांना हवा होता तोच न्याय, जो मूळ गोष्टीतला फ्रीडरिश, म्हणजे नातू, घेऊन येणार होता. कत्तल झाली त्या टेकडीवर आज एका गोल इमारतीत वेर्नर ट्युब्केने रंगवलेलं 123 मीटर लांबीचं प्रचंड चित्र आहे. त्यासाठी अर्धा दिवस हाताशी ठेवा.