बचत गटाची वही आणि रेझ्युमे

"ताई, लग्नानंतर बारा वर्षं घरीच आहे, रेझ्युमेत लिहू तरी काय?"

बचत गटात हिशोब कोण ठेवतं, हे मी आधी विचारते, कारण आपल्याकडे रत्नागिरी-देवगड पट्ट्यात अशा बऱ्याच जणी गटाच्या सचिव नाहीतर कोषाध्यक्ष असतात आणि ते काम रेझ्युमेत कुठेच नसतं.

आमच्या वाडीतल्या एकीचंच सांगते. तिला आंबा कॅनिंगच्या युनिटमध्ये स्टोअर आणि हिशोबाच्या कामाला अर्ज करायचा होता. रेझ्युमे म्हणून आणलेल्या कागदावर वडिलांचं नाव, नवऱ्याचं नाव, जात, छंद, आणि खाली "अनुभव : नाही". हा लग्नाचा बायोडेटा झाला! नाव, गाव, फोन, ईमेल ठेवलं, बाकी काढून टाकलं.

मग गटाच्या वह्या मागवल्या. बारा बायका, महिन्याला प्रत्येकी 200 म्हणजे 2,400 रुपये जमा, त्यातूनच एकमेकींना कर्ज, त्याचं व्याज, हप्ते, बँकेतला भरणा, बैठकीचं इतिवृत्त, सगळं हिच्याच अक्षरात. ते नोकरीसारखंच लिहिलं: कोषाध्यक्ष (मानद), महिला बचत गट, गावाचं नाव, 2017 ते आजपर्यंत. खाली तीनच ओळी: 12 सभासदांची मासिक बचत आणि कर्जवसुलीची नोंद, रोखवही दर महिन्याला बँक पासबुकाशी ताळा करून बंद, बैठकीचं इतिवृत्त. पद फुगवायचं नाही, "फायनान्स मॅनेजर" लिहिलंत तर पहिल्याच प्रश्नाला अडकाल.

घरी राहिलेली वर्षं लपवू नका. तारखाच नसलेला रेझ्युमे बघितला की समोरच्याला शंका येते, त्यापेक्षा "2011 ते 2017 : घर व मुलांचं संगोपन" एवढी एक ओळ पुरते, कारणं लिहीत बसायची नाहीत.

एक्सेल ती मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकलेली. नुसतं "कॉम्प्युटर येतो" लिहून काही कळत नाही, म्हणून तिला गटाचा एका वर्षाचा हिशोब शीटमध्ये चढवायला लावला, तारीख, नाव, रक्कम अशा कॉलममध्ये, आणि कुणाचे किती जमा झाले ते असं काढलं (B मध्ये नावं, C मध्ये रक्कम, F2 मध्ये हवं ते नाव):

```
=SUMIF(B:B,F2,C:C)
```

ही बेरीज वहीशी जुळली तेव्हाच रेझ्युमेत ओळ टाकली, "एक्सेलमध्ये सभासदवार जमाखर्च (SUMIF)". मुलाखतीला दाखवायला शीट बरोबर न्यायची, पण बायकांची खरी नावं काढून, कोणाचं किती कर्ज आहे हे बाहेर जाता कामा नये.

संदर्भासाठी गटाच्या अध्यक्षांचं नाव आणि नंबर, त्यांना आधी विचारूनच. सगळं एका पानात बसवायचं आणि पीडीएफ पाठवायची, व्हॉट्सॲपवर कागदाचा फोटो नको. आणि अर्ज हंगामाच्या आधीच टाका, एप्रिल-मेमध्ये आंबा आत यायला लागला की युनिटमध्ये कुणाला कागद वाचायला फुरसत नसते.