माझी सही असलेलं कोरं हमीपत्र

"ताई, सही आलीय, पण फॉर्म कोरा आहे." मुलीच्या वसतिगृहाच्या कार्यालयातून हे वाक्य मी एका दुपारी दोनदा ऐकलं. आईच्या आजारपणामुळे मी दापोलीजवळच्या गावी होते, लॅपटॉप पुण्यात राहिलेला. तीन पानी पालक-हमीपत्र संध्याकाळी पाचच्या आत मेलवर पोहोचायला हवं होतं. प्रिंट काढून देणारं जवळचं दुकान तासाभराच्या अंतरावर, आणि आईला एकटं सोडून जाणं शक्य नव्हतं.

फॉर्म पीडीएफ होता, फोनवरच भरायला फारसा वेळ लागला नाही. रकान्यावर बोट ठेवलं की कीबोर्ड वर येत होता. शेवटी सही केली, फाइल साठवली, पाठवली. तासाभराने वरचा फोन आला. मी फाइल उघडून पाहिली तर सगळं जागच्या जागी होतं. तीच पुन्हा पाठवली. पुन्हा कोरी.

मला खरी धास्ती वेगळीच होती. हमीपत्रात रक्कम आणि जबाबदारी लिहायचे रकाने आहेत, आणि माझ्या सहीचा कोरा कागद कुणाच्या तरी मेलमध्ये पडून होता. "पुन्हा भरून पाठवा" याखेरीज कार्यालयातून काही सांगितलं जात नव्हतं. तिथे काय दिसतंय त्याचा स्क्रीनशॉट मागितला, तर "वेळ नाही" म्हणाले. त्याचा राग अजून गेलेला नाही.

शेवटी फाइल मुलीला पाठवली. तिने ती व्हॉट्सॲपमध्येच उघडली आणि म्हणाली, "आई, खरंच काही नाही यात." म्हणजे भरलेलं फक्त माझ्याच फोनवर दिसत होतं. कारण सांगितलं ते माझ्या भाच्याने, तो सेतू केंद्रात काम करतो.

अशा फॉर्ममध्ये छापील पान वेगळं असतं आणि रकान्यांत टाइप केलेली उत्तरं वेगळी साठवलेली असतात. उत्तर पानावर कसं दिसावं, त्याचं तयार चित्र भरणाऱ्या ॲपने फाइलमध्ये ठेवलं नसेल, तर उघडणाऱ्या ॲपला ते स्वतः काढावं लागतं. फाइलची नुसती झलक दाखवणारी बरीच ॲप ते काढत नाहीत. सही मात्र पानावर चित्र म्हणून चिकटवलेली असते, म्हणून ती सगळीकडे दिसते.

उपाय असा की उत्तरं पानातच मुरवायची. मी अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये फॉर्म पुन्हा भरला, मग तीन टिंबांच्या मेनूतून Print निवडलं. वर प्रिंटरचं नाव विचारतात तिथे Save as PDF घेतलं. कागदाचा आकार Letter दिसत होता, तो A4 केला. आयफोनवर प्रिंटच्या पडद्यावरचं छोटं पान दोन बोटांनी ताणून मोठं केलं, की तेच पीडीएफ म्हणून शेअर करता येतं. नवी फाइल उघडून नावाच्या रकान्यावर बोट ठेवा. कीबोर्ड वर आला नाही, तर उत्तर पानात मुरलं. तरीही एकदा दुसऱ्या कुणाच्या फोनवर उघडून बघा.

एक राहिलंच, ते प्रिंट करण्याच्या आधीचं. "नाव मराठीत" या रकान्यात माझ्या नावाऐवजी चौकोन उमटत होते, कारण त्या रकान्याला दिलेल्या फाँटमध्ये देवनागरी अक्षरंच नव्हती. आपल्याच फोनवर चौकोन दिसत असतील, तर प्रिंटमध्येही चौकोनच येतात. मी काळ्या पेनाने कोऱ्या कागदावर मराठीत नाव लिहिलं, खिडकीपाशी सावली न पाडता फोटो काढला आणि अगदी अक्षरांलगत कापला. सहीबरोबर आद्याक्षरं ठेवायची जी दुसरी जागा ॲपमध्ये असते, तिथे तो फोटो घातला आणि त्या रकान्यावर बसवला. सहीही तशीच कागदावरून घेतली. बोटाने काढलेली माझी सही बँकेतल्या सहीशी जुळत नव्हती.

ही सही म्हणजे सहीचं चित्र. जिथे डिजिटल सही किंवा आधारवरची ई-सही मागतात, तिथे ती चालत नाही. आणि आधीच डिजिटल सही झालेला दस्तऐवज या पद्धतीने प्रिंट करून पुढे पाठवू नका. नव्या फाइलमध्ये त्या सहीचं नुसतं चित्र उरतं, ती खरी आहे का हे तपासता येत नाही.

पाचला दहा मिनिटं असताना तिसरी फाइल पाठवली. "आता सगळं दिसतंय" असं उत्तर आलं. मी लगेच उलट मेल केला, की आधीच्या दोन्ही कोऱ्या प्रती काढून टाका आणि काढल्याचं मला लेखी कळवा. ते उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. ते मी जपून ठेवलंय.