रुपया पाव हिश्श्याने पडला तर

रविवार, रात्री

दुपारी थायलंडमधल्या चियांग माईला राहायला जायच्या हिशेबाचा कागद पुन्हा काढला. गेले तीन महिने त्यावर एकच आकडा गोल करून ठेवलाय: दरमहा १४ हजार शिल्लक. पेन्शन ७८ हजार, वर्तकनगरच्या या फ्लॅटचं भाडं सोसायटीचा मेंटेनन्स आणि घरपट्टी वजा जाता २४ हजार. मिळून १ लाख २ हजार. तिकडचा आम्हा दोघांचा खर्च ३२ हजार बाथ. बाथ पावणेतीन रुपयांना धरला तर ८८ हजार रुपये. कागद छान दिसतो. पण रुपया पडला तर?

उगाच घाबरट म्हणून नाही विचारत. मे २०१३ च्या सुरुवातीला डॉलर ५४ रुपयांच्या आसपास होता आणि २८ ऑगस्टला ६८ च्या वर गेला. चार महिन्यांत! मी तेव्हा नोकरीत होतो, पेपरात वाचलं आणि पान उलटलं. आपला काय संबंध?

म्हणून आज रुपया २५ टक्के पडला असं धरलं. ८८ हजारांत पाव भाग मिळवला, १ लाख १० हजार. म्हणजे महिन्याला ८ हजारांची तूट. चालेल, इकडच्या एफडीच्या व्याजातून भागेल, असं म्हणून पेन ठेवणार होतो.

ही भाजी निवडत बसली होती. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेलं. म्हणाली, "अहो, रुपयाची किंमत पाऊण झाली ना? मग भागायचं पाऊणने. सव्वाने गुणलंत कशाला?"

बरोबरच. रुपया २५ टक्के पडला की बाथ २५ नव्हे, ३३ टक्के महाग होतो. पावणेतीनचा बाथ ३ रुपये ६७ पैशांना. खर्च १ लाख १७ हजार ३००. तूट १५ हजार ३००, माझ्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट. रिटायर्ड अकाउंट्स ऑफिसर म्हणवतो स्वतःला.

मग ती तूट बाथमध्ये मांडली, कारण काटकसर तिकडेच करावी लागणार. साधारण ४,२०० बाथ. ३२ हजारांतून ४,२०० म्हणजे फार नाही असं वाटतं. पण घरभाड्याचे १२ हजार वर्षाच्या करारात अडकलेले, आरोग्य विम्याचे महिन्याकाठी ६ हजार आधीच भरलेले. हात लावता येतो तो उरलेल्या १४ हजारांना: किराणा, वीज, फोन, रिक्षा, औषधं. त्यातून ४,२०० काढायचे म्हणजे ३० टक्के, आणि तेही पहिल्याच महिन्यापासून. महागाई भत्ता जानेवारी-जुलैला वाढतो खरा, पण तो इथल्या भावांवर ठरतो. चियांग माईचा भाजीवाला त्या हिशेबात कुठेच नाही.

व्हिसाचं तर मी सोयीस्कर विसरलो होतो. ५० वर्षांवरच्या निवृत्ताला तिथल्या बँकेत ८ लाख बाथ दाखवावे लागतात, किंवा ठेव आणि वर्षाचं उत्पन्न मिळून तेवढे. मी दुसरा रस्ता धरला होता, कमी पैसे अडकतात म्हणून. आजच्या धरलेल्या भावाने वर्षाची पेन्शन ३ लाख ४० हजार बाथ होते. रुपया पडल्यावर तीच पेन्शन २ लाख ५५ हजार. ८५ हजार बाथ नुसते कागदावरून गळाले, आणि ते भरायला नेमका महाग झालेला बाथच विकत घ्यायचा. नको. ठेव पूर्ण ८ लाखांची करायची आणि जायच्या आधीच पाठवायची.

पण ती ठेव म्हणजे अडीअडचणीचा डबा नव्हे, हेही आज लिहून ठेवतो. मुदतवाढीच्या अर्जाआधी दोन महिने आणि मंजुरीनंतर तीन महिने ८ लाख जसेच्या तसे राहावे लागतात, एरवीही ४ लाखांखाली जाता येत नाही. तेव्हा वर्षभराच्या तुटीचे ५० हजार बाथ वेगळेच ठेवायचे. २०१३ साली वर्षअखेरपर्यंत डॉलर ६२ च्या आसपास उतरला होता. तसं झालं तर हे ५० हजार पुरतील. रुपया पडून तिथेच बसला, तर वर्षाने परत ठाण्याला.

परत यायला मात्र रुपया कितीही पडो, अडचण नाही. पेन्शन इथे तेवढीच, भाजी इथल्याच भावाची. अडचण एकच, घरात भाडेकरू असेल. एजंटने पाठवलेला लिव्ह अँड लायसन्सचा मसुदा संध्याकाळी पुन्हा वाचला. ११ महिन्यांचा करार, पैकी पहिले सहा महिने लॉक-इन, दोन्ही बाजूंना. हिने त्या ओळीखाली लाल पेनने रेघ मारली आहे. उद्या एजंटला फोन करायचा: आमच्या बाजूचं लॉक-इन काढा, एक महिन्याची नोटीस घाला, भाडं हजारभर कमी झालं तरी चालेल.