तीन वर्षांच्या पोरीच्या तोंडचं गाणं शोधताना

आमची छकुली दिवसभर घरात म्हणायची, "एजे मेले एजे निकुता, साजन साडी पुजायेले, मजगे लोने बेनेनते." आम्ही बेळगावात राहतो, घरात मराठी, दारात कन्नड. गाणं कन्नड असावं एवढं कळत होतं, पण कुठलं? "परत म्हण" म्हटलं की ती शब्द बदलायची, म्हणून विचारणं सोडलं. ती खेळात रमली की मोबाइलवर आवाज टिपून घ्यायचा आणि ऐकू येईल तसंच वहीत उतरवायचं.

सगळ्या नोंदी एकाखाली एक मांडल्यावर फरक दिसला. "साजन साडी" कधी "साजन गाडी" व्हायचं. न कळलेल्या जागी ती घरातला शब्द भरत होती. "एजे", "निकुता", "मजगे" मात्र कधीच हलले नाहीत. तेच गाण्यातले खरे आवाज. देवनागरीत टाइप करून शोधलं, काहीच मिळालं नाही.

मग आठवलं, कन्नड पदांत ओळीचं दुसरं अक्षर जुळवतात. लहान मूल जोडाक्षर सैल करतं, म्हणून "ज" चा "ज्ज" करून पाहिला. एजे म्हणजे हेज्जे, पाऊल. साजन म्हणजे सज्जन. मजगे म्हणजे मज्जिगे, आपलं ताक, आणि त्याच्याशेजारचं बेने म्हणजे बेण्णे, लोणी. तिन्ही ठिकाणी दुसरं अक्षर "ज्ज", म्हणजे वाट बरोबर होती. मोबाइलवर कन्नड कीबोर्ड घेऊन एवढंच टाकलं:

```
ಹೆಜ್ಜೆ ಸಜ್ಜನ ಮಜ್ಜಿಗೆ ಬೆಣ್ಣೆ
```

समोर आलं कन्नड संतकवी पुरंदरदासांचं "भाग्यदा लक्ष्मी बारम्मा"! पंडित भीमसेन जोशींच्या आवाजात हे पद आमच्याकडे कितीदा लागलंय. पण पोरगी ध्रुवपद म्हणतच नव्हती, थेट पहिलं कडवं म्हणत होती: ताक घुसळताना लोणी वर यावं तशी, पावलावर पाऊल टाकत, पैंजण वाजवत लक्ष्मी ये. "साजन साडी" म्हणजे "सज्जन साधु".

शब्द जुळले तरी तिने ऐकलेलं तेच का, हे बघायचं होतं. पंडितजींचं लावलं, तिने मानही वर केली नाही. बायकांच्या भजनाची जलद चाल लावली तेव्हा "हेज्जे" येताच ती धावत आली आणि सुरात सूर मिळवला. तेव्हा आईला उलगडा झाला, "अगं, शुक्रवारी शेजारच्या आक्कांकडे मी हिला घेऊन जाते ना!" आक्कांना ऐकवलं तर त्या हसून म्हणाल्या, "हौदु री, नम्म हाडे अदु!" म्हणजे, होय हो, आमचंच गाणं ते!

आता पोरीने नवं धरलंय, "चकले टुपाटुपा". त्याच पदाच्या शेवटच्या कडव्यात सक्करे, अक्करे, चोक्क असा "क्क" आहे. ही साखर-तुपाची ओळ, सक्करे तुप्पद, हे या वेळी लगेच ओळखलं.