आमची वाटचाल: बॉट चालू आहे, पण त्याला भाव दिसतोय का?

आम्ही बॉट बनवत नाही. दुसऱ्यांनी बनवलेल्या ऑप्शन्स बॉटवर पहारा ठेवायचा, त्यांचे लॉग वाचायचे आणि बाजार बंद झाला की तब्येतीचा रिपोर्ट पाठवायचा, हा आमचा धंदा. तो जवळपास बुडाला होता, तोही आम्ही न लिहिलेल्या कोडमुळे. तेव्हा आमच्याविषयी जे पसरवलं गेलं ते आजही खुपतं, म्हणून नेमकं काय झालं ते इथे मांडतो.

एका ग्राहकाचा बॉट कॉल आणि पुट दोन्ही विकून बसला होता. कॉल ६० ला विकलेला, स्टॉपलॉस १२० वर. ११:४२ ला भावाच्या फीडचं वेबसॉकेट तुटलं आणि काही सेकंदांत परत जुळलं. लॉगमध्ये `connected` आलं, पण त्यानंतर यायला हवी ती `subscribed` ओळ आलीच नाही. जोडणी नवी झाली की कोणकोणत्या स्ट्राइकचे भाव हवेत ते सर्व्हरला पुन्हा सांगावं लागतं, आणि बॉटने ते सांगितलंच नव्हतं. पिंग-पाँग सुरू, सॉकेट उघडं, एरर एकही नाही. बॉटला कॉल ६४ वरच दिसत राहिला. ग्राहकाने ब्रोकरच्या स्क्रीनवर पाहिलं तेव्हा तो १७० झाला होता.

मग हार्टबीट का थांबला नाही? बॉट बनवणाऱ्याने तो वेगळ्या थ्रेडवर ठेवला होता. मुख्य लूपला भाव मिळो न मिळो, तो थ्रेड दर दहा सेकंदांनी ‘ठीक’ लिहीत होता. आमच्याकडे पोचत होतं ते एवढंच. दोष आमच्या माथी मारला गेला आणि त्याच बॉटवाल्याने ‘यांचा पहारा झोपला होता’ असं सांगत आमचे ग्राहक फोडले. एक ग्राहक मात्र हलला नाही. तो रोज संध्याकाळी रिपोर्ट ओळ न ओळ वाचतो. त्याने कच्चा लॉग मागवला, `connected` नंतर `subscribed` कधी आलं आणि कधी नाही ते ताडून पाहिलं आणि दोष कुठे आहे ते इतरांना दाखवलं. त्याच्यामुळे आम्ही टिकलो.

तेव्हापासून आमची अट एकच: हार्टबीट मुख्य लूपमधूनच यायला हवा, निर्णयाचा फेरा पूर्ण झाल्यावर, आणि त्यात पुरावा हवा.

```
{"ts":"11:42:05.318","evt":"beat","tick_age":0.4,
 "qty_bot":-2,"qty_brk":-2,"loop_ms":38}
```

यात `tick_age`, म्हणजे शेवटच्या भावाला किती सेकंद झाले तो आकडा, सगळ्यात मोलाचा. तो एक्स्चेंजच्या टाइमस्टॅम्पवरून काढा, आपल्याकडे पॅकेट पोचल्याच्या वेळेवरून नको. पुन्हा जोडणी झाल्यावर काही फीड शेवटचा भाव परत पाठवतात. पोचल्याची वेळ धरली तर तो शिळा भाव ताजा वाटतो. अर्थात, टाइमस्टॅम्पवर भरवसा ठेवायचा तर मशीनचं घड्याळ एनटीपीशी जुळलेलं हवं. आणि हे वय मूळ इंडेक्सच्या भावाचं मोजा. दूरच्या स्ट्राइकमध्ये मिनिटंच्या मिनिटं सौदा होत नाही. त्यावर अलार्म लावला तर दिवसभर खोटा वाजेल आणि चार दिवसांत कोणीतरी तो बंद करून टाकेल. इंडेक्सचा भाव ५ सेकंद शिळा झाला की नवीन ऑर्डर बंद, १५ ला अलार्म, ३० ला जोडणी तोडून नव्याने सबस्क्राइब. तेवढ्या वेळात स्टॉपलॉससाठी भाव ब्रोकरच्या साध्या एपीआयवरून घ्यावा.

`qty_brk`, म्हणजे ब्रोकरकडच्या पोझिशनचा आकडा, दर मिनिटाला ब्रोकरकडून वाचलेला हवा, बॉटच्या स्वतःच्या फाइलमधून नाही. बॉटच्या `qty_bot` शी एकदा फरक दिसला म्हणून घाबरू नका, ऑर्डर अर्धवट भरलेली असू शकते. सलग दोन वाचनांत फरक राहिला तर मात्र माणूस उठवा.

पहारेकरी बॉटच्या मशीनवर ठेवू नका. हे आमच्या पहिल्या भागीदाराचं म्हणणं, आणि त्यापासून आम्ही आजवर हललो नाही. मशीनच बसलं तर त्यावरचा अलार्म वाजवणार कोण? म्हणून आमचा पहारेकरी वेगळ्या मशीनवर, वेगळ्या इंटरनेटवर असतो आणि ६० सेकंद हार्टबीट आला नाही की थेट फोन लावतो. मेसेज इतर मेसेजांत गाडला जातो.

संध्याकाळच्या रिपोर्टमध्ये नफा-तोटा आम्ही सगळ्यात खाली लिहितो. वर असतं ते दिवसातलं सर्वांत मोठं `tick_age` आणि त्याची वेळ, किती वेळा जोडणी तुटली, त्यातल्या किती वेळा `subscribed` आलं, नाकारलेल्या ऑर्डर कारणासकट, आणि बंद होताना ब्रोकरकडे उरलेली पोझिशन. तुटणं ३ आणि सबस्क्राइब २ दिसलं, तर त्या दिवशी कितीही नफा झालेला असो, दुसऱ्या दिवशी बॉट सुरू करण्याआधी तो लॉग उघडा. हाच रिपोर्ट आता तो बॉटवाला स्वतःच्या नावाने विकतो. फक्त त्याच्या रिपोर्टमध्ये सबस्क्राइबची ओळ नाही.