झीज म्हणजे हेळसांड नव्हे

“मशीन झिजून बंद पडलं म्हणून क्लेम नाकारायचाय. पत्र कसं लिहू, म्हणजे समोरच्याला झटकून टाकल्यासारखं वाटणार नाही?”

क्लेम खात्यात नवीन आलेली मंडळी हे विचारतात, तेव्हा मी माझंच एक जुनं पत्र काढून दाखवतो. वाईट पत्र आहे. एका कारखान्यातल्या एअर कॉम्प्रेसरच्या मोटरचं बेअरिंग गेलं होतं आणि मी लिहिलं होतं: “सदर नुकसान सामान्य झीज व अपुऱ्या देखभालीमुळे झाले असून ते पॉलिसीत बसत नाही. सबब दावा नामंजूर.”

चार दिवसांनी मालकांचा फोन आला. पैशांचं नावही काढलं नाही त्यांनी. “अपुरी देखभाल? माझ्या माणसानं ठरलेल्या तासांना ग्रीस भरलंय. वही पाठवली होती, उघडून तरी बघितलीत का?”

वही सर्व्हेअरनं बघितली होती. त्याच्या अहवालात फक्त झीज होती, ‘अपुरी देखभाल’ हे शब्द माझे. वाक्याला वजन यावं म्हणून जोडलेले.

नीट ग्रीस भरलेलं, नीट बसवलेलं बेअरिंगसुद्धा एक दिवस जातंच. त्याचं आयुष्य मोजायची रूढ पद्धतच अशी आहे, की तशा बेअरिंगांपैकी १० टक्के बाद होतील असे तास धरायचे. म्हणजे झिजण्यात कुणाची चूक असावीच लागत नाही. हेळसांड हा वेगळा आरोप आहे, त्याला वेगळा पुरावा लागतो. आणि अपवादाचं कलम लावायचं, तर ते लागू होतं हे दाखवायची जबाबदारी सर्वसाधारणपणे विमा कंपनीचीच असते. म्हणून पत्रात मी आता सरळ लिहितो: ‘देखभालीत कसूर झाली असे आमचे म्हणणे नाही.’ अर्थात, अहवालात तसं खरंच नसेल तरच.

यापुढे ‘सर्व्हेअरच्या अहवालानुसार’ एवढ्यावर भागत नाही. काय दिसलं ते सांगावं लागतं. त्या कॉम्प्रेसरच्या बाबतीत नंतर लिहिलेल्या पत्रात मी असं मांडलं: बेअरिंगच्या बाहेरच्या रेसवर गोळ्या फिरतात त्या पट्ट्यात धातूचे खवले निघाले आहेत, ग्रीसमध्ये बारीक लोखंडी कण आहेत, आणि तुमच्याच नोंदींत पाच महिन्यांत कंपन प्रतिसेकंद २.८ मिलिमीटरवरून ४.६ आणि मग ७.२ वर गेलं आहे. व्होल्टेजचा झटका, बाहेरची वस्तू आत जाणं, शाफ्टची जुळणी बिघडणं हेही तपासलं, त्याच्या खुणा मिळाल्या नाहीत. त्याखाली अपवादाचं कलम शब्दशः, आपल्या भाषेत वळवून नाही. वही वाचली गेली, हे ‘आम्ही सर्व कागदपत्रांचा सखोल विचार केला’ म्हणून पटत नाही. वहीतला आकडा पत्रात आला की पटतं.

पण मालकांचा खरा सल दुसरा होता, आणि तो मला फोनवरच कळला. कंपन वाढलेलं पाहून त्यांनी मोटर स्वतः बंद केली होती. ती तशीच चालू राहून बेअरिंग जाम झालं असतं, रोटर घासून वाइंडिंग जळलं असतं, तर? बऱ्याच पॉलिसींत अपवाद झिजलेल्या भागापुरता असतो, त्यातून पुढे अचानक झालेलं नुकसान भरून मिळू शकतं. मग शहाणपणानं मशीन थांबवणारा मोकळ्या हाती राहिला, हे त्यांचं गणित चुकीचं नव्हतं.

या प्रश्नाला पत्रात बगल दिली, तर बाकीचं पत्र कितीही गोड असो, वाया जातं. मी लिहिलं: ‘मशीन वेळीच थांबवल्याने मोटर वाचली, याची नोंद आम्ही घेतली आहे. दोष माहीत असूनही ती चालवली असती, तर वाजवी काळजी घेण्याच्या अटीवरून पुढच्या नुकसानीबद्दलही प्रश्न उभा राहिला असता. तरीही आज बदलावा लागणारा भाग झिजलेले बेअरिंगच आहे, आणि तेवढ्यालाच हे कलम लागू होते.’ ‘दुर्दैवाने’ आणि ‘आपण जाणताच’ हे दोन शब्दप्रयोग मी खोडले. पहिल्यात कुणी निर्णय घेतलाच नाही असा आव येतो, दुसऱ्यात टोमणा.

वाइंडिंगही जळलेलं असतं, तर पत्राची सुरुवातच वेगळी झाली असती. आधी काय मंजूर, मग बेअरिंग का नाही. दोन्हींना एकाच ‘नामंजूर’मध्ये गुंडाळणं ही उद्धटपणाहून मोठी चूक, कारण तिथे निर्णयच चुकतो.

शेवटच्या परिच्छेदात निर्णय कशानं बदलेल ते लिहितो: बेअरिंगमधून वीज गेल्याच्या खुणा दाखवणारा स्वतंत्र तपासणी अहवाल, किंवा सर्व्हेअरनं न पाहिलेल्या नोंदी. सोबत फेरविचाराची मुदत, आणि तोवर जुनं बेअरिंग भंगारात देऊ नका ही विनंती. शेवटच्या ओळीत माझं नाव आणि थेट नंबर.

त्यांनी बेअरिंग बाहेर तपासून घेतलं. अहवालात झीजच निघाली. तो त्यांनी स्वतःच मला पाठवला, वर लिहून, “वही परत करा, पुढची पानं भरायचीत.”